जर्नलला वीसपैकी नऊ का दिले: विद्यार्थ्याला लिहिलेलं पत्र

मृदुला_सूक्ष्म

मी एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. कच्च्या दुधातले जिवंत जीवाणू, म्हणजे अगारवर कॉलनी उठवणारे 'सीएफयू', मोजायचं प्रॅक्टिकल गेल्या आठवड्यात तपासून दिलं. एका मुलाला वीसपैकी नऊ मिळाले. तो स्टाफरूममध्ये आला आणि म्हणाला, "मॅडम, रीत तर सगळी बरोबर लिहिलीय, मग अकरा मार्क गेले कुठे?" प्रश्न रास्त होता आणि दोन लेक्चरच्या मधल्या वेळात उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून त्याला पत्र लिहिलं. त्याच्या संमतीनं, नाव काढून, इथे देते आहे. शेवटच्या मुद्द्यावर मी पाच मार्क कापले आहेत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचं त्याबद्दलचं मत मला हवं आहे.

*प्रिय —,*

*तुझी कृती, माध्यम, तापमान, आकृती सगळं नीट आहे आणि त्याचे मार्क तुला मिळाले आहेत. जे गेले ते निरीक्षणानंतरच्या दीड पानावर गेले. तुझेच आकडे घेऊन सांगते.*

*तू प्रत्येक डायल्यूशनमधून ०.१ मिली अगारवर पसरलंस. हजारपट पातळ केलेल्या दुधाच्या दोन प्लेटवर ४१२ आणि ३८८ कॉलनी आल्या, दहा हजारपटच्या प्लेटवर ८४ आणि ७८, आणि लाखपटच्या प्लेटवर ११ आणि ७. सरासऱ्या ४००, ८१ आणि ९. प्रत्येक सरासरीला तिच्या डायल्यूशननं गुणून तुला ४ लाख, ८ लाख १० हजार आणि ९ लाख मिळाले. मग या तिघांची सरासरी काढून तू लिहिलंस: ७,०३,३३३.३३ सीएफयू प्रति मिली.*

*पहिली गोष्ट. ८१ कॉलनी आल्या त्या ०.१ मिलीमधून. एका मिलीत त्याच्या दहापट असणार. म्हणजे ८१ गुणिले १०,०००, भागिले ०.१, उत्तर ८१ लाख. एक भागाकार राहिला म्हणून मी दोनच मार्क कापले, कारण ही चूक विसरण्याची आहे, समजुतीची नाही. पण तिचा परिणाम बघ. जर्नलच्या मागे छापलेल्या भारतीय मानकाच्या तक्त्यात कच्चं दूध २ लाखांपर्यंत 'अतिउत्तम', १० लाखांपर्यंत 'चांगलं', ५० लाखांपर्यंत 'मध्यम' आणि त्यापुढे 'निकृष्ट' आहे. तू निष्कर्षात 'चांगलं' लिहिलंस. तुझ्याच प्लेट त्याला 'निकृष्ट' म्हणत होत्या.*

*दुसरी गोष्ट समजुतीची आहे, म्हणून तीन मार्क. तुझे तीन आकडे पुन्हा बघ: ४, ८.१, ९. तिन्ही डायल्यूशन एकाच दुधाची आहेत, तर उत्तरं जवळपास सारखी यायला हवीत. पहिलं जवळजवळ निम्मं का? ज्या प्लेटवर आठशेच्या आसपास कॉलनी उठायला हव्या होत्या तिथे तू ४०० मोजल्यास. बाकीच्या एकमेकींत मिसळल्या, किंवा शेजारणींनी अन्न खाल्ल्यामुळे डोळ्यांना दिसण्याइतक्या वाढल्याच नाहीत. तीस ते तीनशे ही मर्यादा आपण पाळतो ती यासाठी. तीनशेच्या वर प्लेट खोटं बोलायला लागते, आणि ते नेहमी कमीच्या बाजूनं. तीसच्या खाली ती खोटं बोलत नाही, पण डगमगते: ११ आणि ७ हे एकाच दुधाचे आकडे आहेत आणि तिसरी प्लेट लावली असतीस तर १३ही आल्या असत्या. मोजण्याजोगी प्लेट फक्त दहा हजारपटची होती. ती तुझ्या हातात असताना तू तिला एका खोट्या आणि एका डळमळीत साक्षीदारासोबत बसवून तिघांचं मत सारखंच मानलंस.*

*दशांशाचा एक मार्क. या दोन प्लेटवरून खरा आकडा ७० लाख असू शकतो, ९२ लाखही असू शकतो. तिथे .३३ लिहिणं म्हणजे जे माहीत नाही ते माहीत असल्याचं सांगणं. '८१ लाख' एवढंच लिही.*

*आता उरलेले पाच. तुझी रफ वही मी मुद्दाम मागून घेतली होती. तिथे दहा हजारपटच्या तीन प्लेट आहेत: १३१, ८४, ७८. पैकी १३१ वर एक रेघ आहे. रेघ एकच मारलीस आणि आकडा वाचता येतो, हे तू अगदी बरोबर केलंस. पण जर्नलमध्ये ती प्लेट नाहीच. तिथे तू लिहिलं आहेस, 'दोन प्लेट घेतल्या.'*

*१३१ वगळायला माझी हरकत नाही. ८१ सरासरी असेल तर नशिबानं होणारा चढउतार नऊ-दहाचा असतो, पन्नासचा नाही. त्या प्लेटला काहीतरी झालं होतं. तिन्ही घेतल्या तर उत्तर ९८ लाख येतं, दोन घेतल्या तर ८१ लाख. दूध दोन्हीकडे निकृष्टच. म्हणजे लपवून तुला काही मिळालंही नाही. पण वाचणाऱ्याचं मोठं नुकसान झालं: तुझ्या कामात कुठेतरी गडबड होते हे सांगणारी एकमेव खूण त्या प्लेटवर होती, आणि तीच तू पुसलीस. 'तीन प्लेट घेतल्या, एक या कारणासाठी गणनेत धरली नाही' असं एक वाक्य असतं तर पाचही मार्क तुझे होते.*

*जर्नल पुन्हा लिहू नकोस. याच पानाखाली दुरुस्ती लिही, तारीख घाल आणि घेऊन ये.*

*— मॅडम*

---

डेअरीतला_माणूस

मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. रोज दुधाच्याच प्लेट मोजतो. पाच मार्कांबद्दल: आमच्याकडे एखाद्यानं प्लेट वगळून नोंद केली नाही तर प्रकरण चौकशीपर्यंत जातं. आकडा चुकला तर पुन्हा टेस्ट लावतात. नोंद गायब असेल तर त्या माणसाच्या मागच्या महिन्याभराच्या नोंदीही उघडतात. म्हणून पाच मला जास्त वाटत नाहीत.

पण मला त्या १३१ मध्येच रस आहे. काठी वापरली होती का पसरायला? एकच काठी? आणि प्लेट कोणत्या क्रमानं पसरल्या?

---

बाकावरून

मी स्वतः टीवायला आहे (दुसऱ्या विद्यापीठात). मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या विद्यार्थ्यानं जे केलं ते सगळेच करतात, आणि आम्हाला ते शिकवलं जातं. मी एकदा विचित्र आलेला आकडा जसाच्या तसा लिहिला होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हे असं कसं आलं? टेक्निक कच्चं आहे तुझं." मार्क गेले. शेजारच्यानं तीन प्लेटना ९६, ९८, ९७ लिहिले होते, त्याचं कौतुक झालं. मग पुढच्या वेळी कोण खरं लिहील?

---

अंकगणिती

निवृत्त संख्याशास्त्राचा प्राध्यापक. जीवाणूंचं मला फारसं कळत नाही, पण हा प्रश्न आमच्या विषयात फार जुना आहे. १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात फिशर, थॉर्नटन आणि मॅकेंझी यांनी मातीतल्या जीवाणूंच्या समांतर प्लेट तपासल्या आणि दाखवलं की काम नीट झालं असेल तर प्लेटमधला फरक पॉयसाँच्या नियमानं चालतो. म्हणजे सरासरी १०० असेल तर आकडे दहाएकनं वरखाली व्हायलाच हवेत.

या तीन प्लेटना तीच कसोटी लावली. सरासरी ९७.७. प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज घेतली, तिला सरासरीनं भागलं, तर १७.२ येतात. तीन प्लेटसाठी मर्यादा सुमारे ६ ची. तेव्हा मॅडम म्हणतात ते खरं, १३१ नशिबानं आलेली नाही.

बाकावरून यांना सांगतो, ९६, ९८, ९७ यांना हीच कसोटी लावली तर ०.०२ येतात. इतकं जुळणं शंभरात एकदा घडेल. एकदा घडलं तर मी सोडून देईन. त्या मुलाच्या प्रत्येक प्रॅक्टिकलला घडत असेल तर त्यानं प्लेट मोजलेल्या नाहीत.

मात्र दुसऱ्या मुद्द्यावर मी विद्यार्थ्याच्या बाजूनं आहे. त्यानं सगळी माहिती वापरली. माहिती जितकी जास्त तितका अंदाज चांगला. ४०० कॉलनींची प्लेट टाकून ८१ ची ठेवायची, हे आम्हाला पटत नाही. मोठ्या आकड्याची सापेक्ष चूक लहान असते.

---

डेअरीतला_माणूस

सर, ४०० खरोखर ४०० असत्या तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण त्या प्लेटवर मोजायच्या राहिलेल्या कॉलनी वेगळ्या आहेत, आणि त्या कधीच जास्तीच्या बाजूला जात नाहीत. अशा प्लेट दहा घेतल्या तरी दहाही कमीच सांगतील.

अर्धा मुद्दा मात्र तुमचा खराच आहे. ११ आणि ७ च्या प्लेट टाकून द्यायची गरज नाही. आम्ही आयएसओ ७२१८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे करतो: कॉलनींची बेरीज करायची आणि त्यामागे मूळ दूध किती होतं त्यानं भागायचं. ८४, ७८, ११ आणि ७ मिळून १८०. दहा हजारपटच्या दोन प्लेट पूर्ण धरायच्या, लाखपटच्या दोन एकदशांश धरायच्या, कारण त्यांत दूध तेवढंच कमी. मिळून २.२ प्लेट. १८० भागिले २.२, गुणिले १०,०००, भागिले ०.१. उत्तर ८२ लाख. लहान प्लेटला तिच्या वजनाइतकंच मत मिळतं. विद्यार्थ्यानं तिला सारखं मत दिलं, तिथे तो चुकला.

---

मनीषा_ठाणे

विषयाशी थोडं संबंधित आहे म्हणून विचारते. बाबांच्या लघवीच्या कल्चरच्या रिपोर्टमध्ये 'एक लाखाहून अधिक सीएफयू प्रति मिली' असं आहे. एवढे लाख कोणी मोजले असतील का? का हे अंदाजे लिहितात?

---

मृदुला_सूक्ष्म

मनीषाताई, लाख मोजत नाहीत. तिथे ठरावीक मापाची तारेची कडी असते, बहुतेक ०.००१ मिलीची. ती एकदा बुडवून प्लेटवर ओढतात. म्हणून प्लेटवरची एक कॉलनी म्हणजे मिलीत एक हजार. शंभरावर कॉलनी दिसल्या की लाख पार. माझ्या विद्यार्थ्याचा ०.१ जसा राहिला तसा तिथे कुणाचा ०.००१ राहिला तर काय होईल ते तुमच्या लक्षात येईल. औषधाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा. नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, लक्षणंही बघतात.

डेअरीतले दादा, काचेची वाकडी काठी, चौघांच्या गटात एक. अल्कोहोलमध्ये बुडवून बर्नरवर धरायची आणि गार करून वापरायची, असं सांगितलेलं असतं. रफ वहीतला क्रम असा आहे: आधी हजारपटच्या दोन्ही प्लेट, मग १३१, मग ८४, मग ७८, शेवटी लाखपटच्या.

---

डेअरीतला_माणूस

मग मला वाटतं ती काठीच. हजारपटच्या प्लेटवर ०.१ मिलीत आठशे जीवाणू होते, म्हणजे एका मायक्रोलिटरला आठ. काठीला पाच-सहा मायक्रोलिटर ओल राहिली तर चाळीस-पन्नास जीवाणू पुढच्या प्लेटवर गेले. १३१ मधून ८१ वजा केले की पन्नासच उरतात. पुढच्या दोन प्लेटपर्यंत काठी पुसली गेली.

म्हणून आम्ही सर्वांत पातळ डायल्यूशनपासून घट्टकडे येतो. लाखपट आधी, मग दहा हजारपट, मग हजारपट. काठी जाळायची राहिली तरी ओल जाते ती थोड्यातून जास्तीकडे, आणि तिथे दिसूनही येत नाही.

दुसरीही शक्यता आहे. दहा हजारपटची नळी नीट हलवली नसेल तर जीवाणूंचे पुंजके एकाच पिपेटमध्ये जास्त येतात. आमच्याकडे बाटली हलवायचा नियमच आहे: सात सेकंदांत पंचवीस वेळा, फूटभर अंतरानं. मुलं नळी दोनदा हलवून पुढे जातात.

---

गृहिणी_नाशिक

एवढी चर्चा वाचली. पण दूध आपण उकळतोच ना? मग ८१ लाख असोत की ७ लाख, काय फरक? विद्यार्थ्यानं 'चांगलं' लिहिलं तर एवढं काय बिघडलं?

---

डेअरीतला_माणूस

ताई, घरच्या पातेल्यापुरतं तुमचं बरोबर आहे, उकळल्यावर बहुतेक जीवाणू मरतात. पण संकलन केंद्रावर हा आकडा बघून आम्ही ठरवतो की दूध कुठल्या टाकीत घ्यायचं. जीवाणूंनी आधीच तयार केलेलं आम्ल आणि काही विकरं उष्णतेनं जात नाहीत. तापवताना दूध फुटतं, किंवा पावडर करून ठेवली तरी नंतर खवट होते. ८१ लाखांचं दूध सातच्या नावानं टाकीत गेलं तर त्या टाकीतलं सगळंच दूध गेलं.

---

बाकावरून

अंकगणिती सर, ०.०२ चं वाचून मी माझं मागच्या वर्षीचं जर्नल काढून बघितलं. सगळं सांगत नाही.

पण माझा प्रश्न तसाच आहे. काठीचं कारण इथे दादांनी शोधलं, कारण त्यांनी हजारो प्लेट बघितल्यात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ते कसं कळणार? मॅडम म्हणतात 'या कारणासाठी धरली नाही' असं लिही. कारण माहीत नसेल तर? बनवून लिहायचं?

---

मृदुला_सूक्ष्म

बनवून लिहायचं नाही. 'तिसरी प्लेट १३१, इतर दोघींपेक्षा खूप जास्त, कारण कळलं नाही, दोन्ही प्रकारे उत्तर काढलं: ८१ लाख आणि ९८ लाख.' हे वाक्य कुठल्याही वर्षाच्या मुलाला लिहिता येतं, आणि माझ्याकडे त्याला पूर्ण मार्क आहेत. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीनं याच बॅचमध्ये असं लिहिलं, तिला सतरा मिळाले. तिचीही एक प्लेट बिघडली होती.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते माझ्या हातात नाही. मी एवढंच करू शकते की माझ्या सहीखाली रफ वही जर्नलला जोडूनच पाठवायची. यंदापासून तसं करते आहे.

---

अंकगणिती

घट्ट प्लेटबद्दल डेअरीतल्या गृहस्थांचं पटलं. चूक एकाच दिशेनं जात असेल तर जास्त माहितीनं ती भरून निघत नाही. हे मीच वर्गात शिकवत आलो.

१३१ बद्दल मात्र मी अजून साशंक आहे. काठीला ओल राहिली असेल तर ८४ मध्येही थोडी गेली असेल. मग ८१ तरी शुद्ध कशावरून? लाखपटच्या प्लेट ९० लाख सांगतात, पण त्या शेवटी पसरलेल्या, म्हणजे दहा हजारपटची ओल त्यांच्यात गेली असेल. या वहीवरून मी यापुढे जाऊ शकत नाही.

---

डेअरीतला_माणूस

बरोबर. वहीवरून नाही जाता येणार, करूनच बघावं लागेल. मॅडम, सोपं आहे. हजारपटची एक प्लेट पसरा आणि काठी न जाळता लगेच एका कोऱ्या अगारवर ०.१ मिली निर्जंतुक सलाईन पसरा. चार-पाच वेळा करा. कोऱ्या प्लेटवर चाळीस-पन्नास आल्या तर काठीचा संशय पक्का. दोन-तीनच आल्या तर नळी हलवण्याकडे बघा. सोबत जाळलेल्या काठीनं सलाईन पसरलेली एक प्लेटही ठेवा, नाहीतर सलाईनच खराब होतं का ते कळणार नाही.

---

मृदुला_सूक्ष्म

करते. गुरुवारी त्यांच्या बॅचचं प्रॅक्टिकल आहे आणि पत्र मिळाल्यावर तो मुलगा दुरुस्ती घेऊन आला होता. त्यानं खाली लिहिलंय, '८१ लाख, निकृष्ट', आणि १३१ आता पानावर आहे. पण काठी जाळली होती का हे विचारल्यावर म्हणाला, "आठवत नाही, मॅडम, काठी मित्राच्या हातात होती." तर कोऱ्या सलाईनच्या प्लेट त्या दोघांनाच लावायला देते. शुक्रवारी संध्याकाळी आकडे इथे टाकेन, सगळ्या प्लेटचे.